‘चिल्ला झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी

‘बाळाला परत घेऊन या, रिपोर्टमध्ये थोडं आलंय.’ प्रसूतिगृहातून येणारा हा फोन जेमतेम अर्ध्या मिनिटाचा असतो. पलीकडचा माणूस घाईत असतो आणि अलीकडचा गोंधळलेला. फोन ठेवल्यावर घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर रडारड सुरू होते, बाळाला काहीतरी भयंकर झालंय असं ठरवून सगळे आईकडे बघू लागतात. नाही तर कुणीतरी वडीलधारं माणूस हात झटकून सांगतं, ‘काही नसतं गं, लॅबवाल्यांचे धंदे. चिल्ला झाल्यावर बघू.’

या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. त्यातल्या दुसरीमुळे एखाद्या मुलाची बुद्धी कायमची जाऊ शकते. म्हणून हा लेख. तो जितका आपल्या घरांतल्या दादी-नानींविरुद्ध आहे, तितकाच बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन पुढची जबाबदारी झटकणाऱ्या दवाखान्यांविरुद्धही आहे.

आधी ही तपासणी काय आहे ते नीट समजून घेऊ. बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की त्याच्या टाचेच्या कडेला बारीक टोचून रक्ताचे काही थेंब एका जाड टीपकागदासारख्या कार्डावर घेतात. कार्डावर छापील गोल असतात. एका गोलात एकच मोठा थेंब टेकवायचा, तो कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत मुरला पाहिजे. मग ते कार्ड सावलीत, आडवं ठेवून तीन-चार तास वाळवायचं आणि लॅबकडे पाठवायचं. तिथे त्या वाळलेल्या डागातून छोटी टिकली कापून तपासतात. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एका चयापचयाच्या आजारासाठी ही कार्डाची पद्धत रूढ केली. 1970 च्या दशकात कॅनडातल्या क्युबेकमध्ये त्याच डागातून थायरॉइडची तपासणी सुरू झाली. आपल्याकडे ती काही शहरांत, काही राज्यांत, काही खासगी दवाखान्यांत होते आणि बाकी ठिकाणी होतच नाही. 2013 साली आपल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात थायरॉइडची कमतरता आहे, पण ‘ऐच्छिक’ या शब्दाखाली. शाळेत ऐच्छिक विषयाचं काय होतं हे मला शिक्षिका म्हणून चांगलं माहीत आहे.

आता थायरॉइडचंच का, ते बघू. गळ्यातली ही छोटी ग्रंथी जे संप्रेरक तयार करते, त्यावर बाळाच्या मेंदूची वाढ अवलंबून असते. पहिली दोन-तीन वर्षं तर फारच. काही बाळांत ही ग्रंथी तयारच झालेली नसते, काहींत ती लहान असते किंवा भलत्या जागी असते, काहींत ग्रंथी असते पण संप्रेरक बनवण्याची एखादी पायरी बिघडलेली असते. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी हे ओळखते आणि थायरॉइडला ‘काम कर, काम कर’ म्हणून ढोसू लागते. हे ढोसणं म्हणजेच टीएसएच. थायरॉइड जितकं निकामी, तितका टीएसएच जास्त. कार्डावर हाच आकडा मोजतात.

हा आजार दुर्मीळ आहे असं समजू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह देशातल्या पाच केंद्रांवर एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा साधारण 1130 बाळांमागे एक बाळ असं निघालं. एखाद्या तालुक्याच्या गावात वर्षाला दोन-अडीच हजार बाळंतपणं होत असतील, तर हिशेबाने दरवर्षी दोन मुलं. ती कुठे जातात? ती आपल्याच शाळांत येतात. उशिरा चालणारी, उशिरा बोलणारी, उंचीने खुंटलेली, ज्यांच्या वहीवर आपण ‘अप्रगत’ असा शेरा मारतो ती. त्या सगळ्यांना हाच आजार असतो असं मी म्हणत नाही. पण त्यातल्या काहींची बुद्धी पहिल्या महिन्यात दिवसाला एका गोळीने वाचली असती, हे सत्य आहे.

मग घरातल्यांना ते दिसत का नाही? कारण जन्मतः दिसण्यासारखं काही नसतंच. पोटात असताना आईचं थायरॉइड संप्रेरक नाळेतून बाळाला थोडंफार मिळत असतं. त्यामुळे बाळ जन्मतं ते छान, गुटगुटीत. आईकडून मिळालेली ही शिदोरी काही दिवसांत संपते. त्यानंतर जी लक्षणं हळूहळू येतात ती अशी : बाळ फार झोपतं, कमी रडतं, रडलं तर आवाज घोगरा, दूध ओढायला आळस, शी दोन-तीन दिवसांनी, कावीळ रेंगाळलेली. आणि आपल्या घरांत या लक्षणांना काय म्हणतात? ‘माशाअल्लाह, किती शांत बाळ आहे! रात्रभर झोपतं, आईला त्रास म्हणून नाही.’ आजाराच्या खुणांचंच आपण कौतुक करतो. जीभ मोठी दिसू लागते, बेंबी फुगते, चेहरा सुजट होतो, तेव्हा कुठे शंका येते. तोवर दोन-तीन महिने उलटलेले असतात आणि मेंदूचं नुकसान झालेलं असतं. त्यानंतर औषध दिलं तर उंची वाढते, बद्धकोष्ठ जातं, पण गेलेली बुद्धी पूर्ण परत येत नाही.

म्हणून डॉक्टर एकच मुदत सांगतात : औषध जन्मापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू झालं पाहिजे. चौदा दिवस. आणि आपला चिल्ला चाळीस दिवसांचा.

इथे मला माझ्या समाजाशी दोन शब्द स्पष्ट बोलायचे आहेत. चाळीस दिवसांचा हिशेब दीनमध्ये आहे तो बाळंतिणीच्या निफासचा. त्या काळात तिला नमाज माफ, रोजे नंतर ठेवायचे. ती तिला दिलेली सवलत आहे. ‘चाळीस दिवस आई आणि बाळाने उंबरठा ओलांडायचा नाही’ हा हुकूम मला कुठे सापडलेला नाही. ज्यांनी मला तो सांगितला त्यांनाही तो दाखवता आला नाही. ती आपली रीत आहे. शेजारच्या हिंदू घरात तिलाच सव्वा महिना म्हणतात. बाळंतिणीला आराम मिळावा, बाळाला गर्दीपासून जपावं, या हेतूने आलेली रीत चांगलीच आहे. पण बाळाला जपण्यासाठी केलेली रीत बाळालाच डॉक्टरपासून लांब ठेवू लागली, तर तिला रीत म्हणून कवटाळण्यात काय अर्थ? आणि आपल्याला मुदती पाळता येत नाहीत असंही नाही. अकीक्याचा सातवा दिवस आपण विसरत नाही. बकरा ठरतो, केस उतरतात, पाहुणे येतात. बहुतेक वेळा कार्डाचा रिपोर्टही याच सातव्या दिवसाच्या आसपास येतो. घरात पन्नास माणसं जेवतात, पण फोन उचलायला कुणी नसतं.

आता फोनबद्दल. ‘परत या’ या एका वाक्याचे निदान तीन वेगवेगळे अर्थ असू शकतात. दवाखाने ते सांगत नाहीत, ही माझी पहिली तक्रार आहे.

पहिला अर्थ : कार्डच बिघडलं. थेंबावर थेंब घातला, रक्त मागच्या बाजूपर्यंत मुरलं नाही, ओलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. लॅब असं कार्ड तपासतच नाही. यात बाळाच्या प्रकृतीबद्दल काहीच कळलेलं नसतं, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. नवा नमुना द्यायचा, तोही लगेच, कारण दिवस इथेही जात असतात.

दुसरा अर्थ : रक्त फार लवकर घेतलं. बाळ जन्मलं की थंड हवेत येण्याच्या धक्क्याने त्याचा टीएसएच काही मिनिटांत उसळतो. साठ-ऐंशीपर्यंतही जातो. पहिल्या चोवीस तासांत तो वेगाने खाली येतो आणि दोन-तीन दिवसांत बराच स्थिरावतो. म्हणून रक्त 48 ते 72 तासांच्या दरम्यान घ्यावं असं ठरलेलं आहे. पण आपल्याकडे नॉर्मल बाळंतपण झालं की दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात आणि जाता जाता टाच टोचतात. मग निरोगी बाळाचा आकडाही वाढलेला दिसतो.

तिसरा अर्थ : रक्त योग्य वेळी घेतलं, कार्ड नीट होतं, तरी आकडा जास्त आहे. इथे खरी शंका आहे. यातही पायऱ्या आहेत. आपल्या देशातल्या बाल-संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांनुसार 48 तासांनंतरच्या नमुन्यात टीएसएच वीसच्या वर असेल तर बाळाला परत बोलवायचं. वीस ते चाळीसच्या मधे असेल तर बाळ सात ते दहा दिवसांचं झाल्यावर पुन्हा तपासायचं. चाळीसच्या वर असेल तर वाट बघायची नाही. लगेच शिरेतून रक्त घेऊन टीएसएच आणि टी-फोर दोन्ही मोजायचे.

आकड्याबद्दल एक बारकावा लक्षात ठेवा, तो अनेक ठिकाणी चुकतो. काही लॅब कार्डावरच्या अख्ख्या रक्ताच्या मापात आकडा देतात, काही तो सीरमच्या मापात बदलून देतात. अख्ख्या रक्तातला आकडा साधारण दोन-सव्वादोनने गुणला की सीरमचा येतो. म्हणजे एका लॅबचे पंधरा ते दुसरीचे तेहतीस. वर सांगितलेले वीस आणि चाळीस हे सीरमचे आहेत. नुसता ‘पंधरा’ ऐकून ‘वीसच्या आत आहे, ठीक आहे’ म्हणणारा माणूस चौकशी न करता निवाडा देतो.

आता दोन घरांची गोष्ट सांगते. दोन्ही घरं माझ्या ओळखीची आहेत. गाव आणि दवाखाना सांगणार नाही.

पहिल्या घरात मुलगा झाला. कार्ड विसाव्या तासाला घेतलं, कारण खाट रिकामी करायची होती. आकडा आला 36. दवाखान्यातून फोन : ‘थायरॉइड पॉझिटिव्ह आहे.’ पॉझिटिव्ह हा शब्द कोविडपासून आपल्या लोकांच्या मनात कसा बसलाय ते सांगायला नको. बाळाची फुफी म्हणाली, सुनेनेच खानदानात रोग आणला. सुनेला गरोदरपणात थायरॉइडची गोळी चालू होती, म्हणून तर खात्रीच झाली. त्या मुलीने दोन दिवस नीट खाल्लं नाही, दूध आटत चाललं. सातव्या दिवशी बाळाचं शिरेतून रक्त घेतलं. टीएसएच पाच, टी-फोर व्यवस्थित. बाळाला काही नव्हतं. विसाव्या तासाचा 36 हा आकडा जन्माच्या उसळीचा होता. कार्ड घेणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं होतं आणि फोन करणाऱ्याने ‘नमुना लवकर घेतला गेला होता, खात्रीसाठी पुन्हा बघायचंय’ एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं.

दुसऱ्या घरात मुलगी झाली, आईच्या माहेरी. ती आई माझी जुनी विद्यार्थिनी. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम, बाळंतपण नॉर्मल, बाळ देखणं. कार्ड 52 व्या तासाला घेतलं, म्हणजे अगदी योग्य वेळी. कार्ड शहरातल्या लॅबला गेलं, सहाव्या दिवशी आकडा आला : सीरमच्या मापात 62. लॅबने त्याच दिवशी प्रसूतिगृहाला कळवलं. प्रसूतिगृहाने कार्डावरच्या नंबरवर फोन लावला. तो नंबर होता बाळाच्या वडिलांचा आणि वडील आखातात नोकरीला. भारतातलं सिमकार्ड बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग रजिस्टरमध्ये नोंद झाली, ‘संपर्क होत नाही’. आठव्या दिवशी तिथल्या आयाबाईला बाजारात मुलीची मावशी भेटली, म्हणून निरोप पोचला. निरोप असा : ‘रिपोर्टमध्ये किंचित आहे, सवडीने येऊन जा.’

62 हा आकडा, आणि म्हणे सवडीने!

नानी म्हणाली, चिल्ला झाल्यावर जाऊ, बाळ तर किती छान झोपतंय. मुलीच्या मनाला ते पटेना, तिने मला फोन केला. ‘मॅडम, काय करू?’ मी डॉक्टर नाही, मी तिला निदान सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं की दवाखान्यात फोन करून तीन गोष्टी विचार : कोणत्या आजाराची शंका आहे, आकडा किती आणि कोणत्या मापात, आणि किती दिवसांत या म्हणता. बाळ डॉक्टरचं आहे आणि तू फक्त सांभाळतेस असं समजू नकोस. तिने विचारलं. समोर डॉक्टर आले, आकडा बघून तेच दचकले आणि म्हणाले, उद्या सकाळी या. नवव्या दिवशी शिरेतून रक्त घेतलं. टीएसएच शंभरच्या वर, फ्री टी-फोर 0.4, म्हणजे असायला हवं त्याच्या निम्म्याहून कमी. त्याच रात्री औषध सुरू झालं. लिव्होथायरॉक्सिन, 25 मायक्रोग्रॅमची दीड गोळी, म्हणजे साडेसदतीस. किलोमागे दहा ते पंधरा मायक्रोग्रॅम हा हिशेब, तिच्या वजनाला तेरा पडले. ग्रंथी कुठे आहे हे बघायची सोनोग्राफी नंतर केली. तिच्यासाठी औषध थांबवायचं नसतं. तपासात गळ्यात जागेवर ग्रंथी दिसलीच नाही. म्हणजे ही मुलगी चाळिसाव्या दिवसापर्यंत थांबली असती, तर आईची शिदोरी संपल्यावरचे कितीतरी आठवडे तिच्या मेंदूने जवळपास उपाशी काढले असते.

दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, टी-फोर जागेवर आलेला, टीएसएच उतरणीला. मग महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी, वजन वाढेल तसा डोस बदलणं. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवून द्यायची, रोज ठरलेल्या वेळी. बाटलीभर दुधात मिसळायची नाही, कारण बाळाने बाटली अर्धी टाकली तर डोसही अर्धा जातो. लोह आणि कॅल्शियमची औषधं त्याच वेळी द्यायची नाहीत, ती गोळीला शोषू देत नाहीत. आईचं दूध चालू, लसी चालू, सगळं चालू. महिन्याचा खर्च एका साध्या मोबाइल रिचार्जपेक्षा जास्त नाही. ज्या मुलांची ग्रंथी जागेवर असते, त्यांच्यात काहींचा त्रास तात्पुरता असतो. म्हणून साधारण तीन वर्षांनी डॉक्टर काही आठवडे औषध थांबवून पुन्हा बघतात. तोवर ‘आता बरी दिसते’ म्हणून घरच्यांनी गोळी बंद करायची नाही. बरी दिसते ती गोळीमुळेच.

‘लॅबवाल्यांचे धंदे’ म्हणणाऱ्यांचं म्हणणंही ऐकून घेऊ, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे. परत बोलावलेल्या बाळांपैकी बहुतेक बाळं निरोगी निघतात. समजा लॅबने शंभरात एक बाळ परत बोलावलं. अकराशे बाळांत अकरा बोलावली जातील आणि त्यातलं एक आजारी निघेल. दहा घरं म्हणतील, उगाच घाबरवलं. पण चाळणीची भोकं मुद्दामच बारीक ठेवलेली असतात. ती मोठी केली तर ते अकरावं बाळही निसटेल. परत बोलावणं म्हणजे निकाल नव्हे, उत्तरपत्रिकेची फेरतपासणी आहे. फेरतपासणीत मार्क बदलले नाहीत म्हणून फेरतपासणीची पद्धतच बोगस, असं कुठला विद्यार्थी म्हणेल? आणि खात्रीच्या रक्ततपासणीला काही शे रुपये लागतात. अकीक्याच्या बकऱ्याच्या किमतीशी तुलना करा.

आईला दोष देणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. आईला थायरॉइड होता म्हणून बाळाला होतो, असं सरसकट नसतं. आईच्या रक्तातल्या काही प्रतिद्रव्यांमुळे किंवा काही औषधांमुळे बाळाचं थायरॉइड काही काळ मंदावू शकतं, ते डॉक्टर बघतात. बहुतेक बाळांत ग्रंथी घडतानाच चूक झालेली असते, त्यात ना आईचा हात ना बापाचा. थोड्या बाळांत मात्र संप्रेरक बनवण्याचा दोष जनुकांतून आलेला असतो, आई आणि बाप दोघांकडून. चुलत-मावस नात्यांत लग्नं होतात तिथे ही शक्यता वाढते, हे आपण न लाजता बोललं पाहिजे. अशा घरात प्रत्येक पुढच्या बाळाला चारात एक एवढा धोका असतो. तेव्हा बोटं मोडत बसण्यापेक्षा पुढच्या बाळाचं कार्ड वेळेवर घ्या.

थायरॉइडसाठी दिवस मोजायचे असतात, पण याच कार्डावर असे काही आजार तपासतात ज्यांत तास मोजावे लागतात. जन्मजात ॲड्रिनल ग्रंथीच्या एका आजारात दुसऱ्या आठवड्यात शरीरातलं मीठ झपाट्याने जातं आणि बाळ कोसळतं. मुलग्यात तर बाहेरून काही दिसतही नाही. गॅलॅक्टोसिमियात आईचं दूधच बाळाला विषासारखं होतं. म्हणून ‘कोणत्या आजाराची शंका?’ हा पहिला प्रश्न. आणि परत बोलावलेलं बाळ ओकत असेल, दूध घेत नसेल, सुस्त पडलं असेल, तर तारखेची वाट न बघता त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि कार्डाच्या रिपोर्टचं सांगायचं.

कार्ड नॉर्मल आलं म्हणजे आयुष्यभराची सनद मिळाली, असंही नाही. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांत टीएसएच उशिरा चढतो, म्हणून त्यांची तपासणी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करायची असते. बिघाड पिट्युटरीतच असेल तर टीएसएच वाढतच नाही आणि ही चाळणी त्याला पकडत नाही. कार्ड नॉर्मल असूनही बाळ फार सुस्त, घोगरं, पिवळं राहिलं तर रक्त पुन्हा तपासायला सांगा.

आता दवाखान्यांशी. तुम्ही टाच टोचता तेव्हा त्या बाळाशी करार करता. टीएसएच 62 आलेलं बाळ ‘संपर्क होत नाही’ या तीन शब्दांखाली गाडता येत नाही. बाळंतपण माहेरी होतं, नवरा गावाबाहेर असतो, बाळाला नाव नसतं आणि कार्डावर फक्त ‘बेबी ऑफ अमुक’ असतं, हे तुम्हाला पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. मग कार्डावर दोन नंबर का नाहीत? एक आईचा स्वतःचा, एक तिच्या माहेरचा. फोन लागला नाही तर आशाताईंना घरी पाठवायची पद्धत का नाही? घरी सोडताना मराठीत, उर्दूत एक चिठ्ठी का नाही, की रक्त या तारखेला, इतक्या तासांचं असताना घेतलं, रिपोर्ट या दिवसापर्यंत येईल, नाही आला तर या नंबरवर विचारा? बिलाचा कागद द्यायला तुम्ही कधी विसरत नाही.

आणि आपण काय करायचं? घरी सोडण्याआधी विचारायचं : रक्त घेतलं का, कितव्या तासाला घेतलं, रिपोर्ट कधी. दहाव्या दिवसापर्यंत काहीच कळलं नाही, तर ‘काही नसेल म्हणून फोन आला नसेल’ असं मानायचं नाही, आपण फोन करायचा. आमच्या मशिदीच्या इमामांशी मी बोलले. अकीक्याच्या दुआआधी ‘बाळाचा रिपोर्ट आला का?’ एवढं ते विचारणार आहेत. तुमच्याही गावात विचारायला सांगा.

राहिला चिल्ला. तो आईसाठी आहे, तिने तो घरी निवांत काढावा. बाळाला नानी किंवा मामू दवाखान्यात नेऊ शकतात, त्यासाठी एक रिक्षा पुरते. फक्त ती चौदाव्या दिवसाच्या आत निघाली पाहिजे.